जीबीचे एमबी करताना १००० की १०२४?

४२० कोटी बाइटांची एक व्हिडिओ फाइल घ्या. मॅकवर तिचा आकार ४.२ जीबी दिसतो, विंडोजवर ३.९१ जीबी. फाइल तीच, एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नाही. मॅक २००९ पासून हजाराने भागत आला आहे, विंडोज १०२४ ने भागतं. किलोपर्यंत हा फरक २.४ टक्केच असतो, पण पुढच्या प्रत्येक पायरीला तो वाढतो आणि गिगापर्यंत ७.४ टक्क्यांवर जातो.

दशमान पद्धतीत एमबी काढायला दशांश चिन्ह सरकवलं की झालं: ४,२०० एमबी. द्विमान पद्धतीत ३.९१ ला १०२४ ने गुणलं तर ४,००३.८४ येतात, पण बाइटांवरून थेट काढलं तर सुमारे ४,००५.४. ३.९१ हा आकडाच छाटलेला असल्यामुळे दीड एमबीचा फरक पडतो. तरीही मेमरीसाठी १०२४ च योग्य, कारण तिची रचनाच दोनाच्या घातांवर बेतलेली असते. या मापांना १९९८ मध्ये मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावंही मिळाली. ती सगळीकडे वापरली गेली असती तर हा प्रश्नच उरला नसता.

माझ्यापुरता निकाल लागला तो फाइलीचे तुकडे करताना. एका ठिकाणी अपलोडची मर्यादा १०० एमबी होती. लिनक्सवर हे दोन पर्याय आहेत:

```
split -b 100M video.mp4
split -b 100MB video.mp4
```

पहिल्यात एमबी १०२४ च्या हिशेबाने धरला जातो. तुकडा १०,४८,५७,६०० बाइटांचा होतो, म्हणजे दशमानात जवळजवळ १०५ एमबी. त्या ठिकाणी मर्यादा हजाराच्या हिशेबाने मोजत होते, त्यामुळे एकही पूर्ण तुकडा स्वीकारला जात नव्हता, आणि आलेल्या संदेशात फक्त ‘फाइल मोठी आहे’ एवढंच. वैताग असा की मर्यादेपुढेही एमबीच लिहिलेलं असतं, त्यावरून कोणता एमबी ते कळायला मार्गच नाही. शिवाय ४० पूर्ण तुकड्यांनंतर सुमारे ५७ लाख बाइटांचं एक शेपूट उरतं ते वेगळंच. दुसऱ्या पर्यायात बरोबर ४२ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा दोन्ही हिशेबांत मर्यादेत बसतो.

प्रत्येकाचं काम वेगळं, त्यामुळे आग्रह नाही. पण मर्यादा कशी मोजतात हे ठाऊक नसेल, तर मी तरी हजारानेच मोजेन. विंडोजवर असाल तर फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जीबीच्या शेजारी कंसात बाइटांचा पूर्ण आकडा असतो. त्याला दहा लाखांनी भागा, दशमान एमबी मिळतील. ३.९१ ला हजाराने गुणू नका. ३,९१० हे उत्तर दोन्ही पद्धतींत चूक आहे.