रिपोर्टातला दर: बिलाच्या तारखेचा की महिनाअखेरचा?

मकरपुरा जीआयडीसीत, आमच्या हापिसात, ही निवड दोन वर्षांपूर्वी माझ्यावर आली. जर्मनी, इंग्लंड आणि जपानची बिलं रुपयांत आणून एकच विक्री अहवाल करायचा होता. आधी मी महिनाअखेरचा दर घेतला, कारण चलनामागे एकच आकडा शोधावा लागतो. ज्यांची महिन्याला पाच-सहाच बिलं निघतात, त्यांना कदाचित अजूनही तोच पुरेल.

माझा जीव मात्र खाताबहीशी जुळवणीने खाल्ला. समजा ३ तारखेला २०,००० युरोचं बिल निघालं आणि त्या दिवशी दर ९०.५० होता. खात्यात १८,१०,००० पडले. महिनाअखेरीस युरो ९२.१० झाला, की अहवाल १८,४२,००० सांगतो. हे ३२,००० कोणी विकलेच नाहीत! विनिमय फरकाचं खातं हिशेबनीसांकडे वेगळं असतंच, तरी दर महिन्याच्या दुसऱ्या दिवशी मी तेच समजावत बसायचो. त्यात चालू महिन्याचा 'अखेरचा' दर अजून ठरलेलाच नसतो, त्यामुळे तात्पुरत्या दरावर काल दाखवलेली विक्री आज बदललेली दिसायची.

बिलाच्या तारखेच्या दराचाही त्रास आहे, नाही असं नाही. आम्ही एफबीआयएलचा संदर्भ दर घेतो आणि तो सुट्टीच्या दिवशी येत नाही. गुढीपाडव्याला मुंबईचा बाजार बंद, पण इथला कारखाना चालू असला तर बिलं निघतातच. अचूक तारीख शोधणाऱ्या सूत्राला दर सापडत नाही. आमच्या आधीच्या माणसाने चूक दिसू नये म्हणून `IFERROR` मध्ये शून्य घातलं होतं, त्यामुळे रविवारची आणि सणाची बिलं शून्य रुपयांची होऊन निमूटपणे बसली होती. परकीय चलनातली बेरीज बरोबर, रुपयांतली कमी, असं दिसलं की आधी हेच तपासायचं. उपाय म्हणजे त्या तारखेचा किंवा तिच्या आधीचा शेवटचा दर घेणं:

```
=XLOOKUP(B2,EUR!A$2:A$400,EUR!B$2:B$400,,-1)
```

शेवटचा `-1` नेमकं तेच करतो. `B2` मध्ये खरी तारीख हवी, मजकूर म्हणून टाईप केलेली चालत नाही. येनचा दर १०० येनचा असतो, तिथे भागायला विसरलात तर जपानची विक्री शंभरपट होते. माझी एकदा झाली आणि साहेब क्षणभर खूश झाले.

परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटला मी मूळ बिलाच्याच तारखेचा दर देतो, म्हणजे दोन्ही रुपयांत पूर्ण कटतात. काही जण नोटेच्या तारखेचा घेतात, त्यावर मी वाद घालत नाही.

थकबाकीच्या यादीला मात्र मी आजही महिनाअखेरचाच दर लावतो. ती रक्कम अजून यायची आहे, तेव्हा तिथे आजची किंमतच विचारली जाते. विक्री त्या दिवशी होऊन गेलेली असते.