जुन्या कॅसेटवरची केशरी तारीख पुसताना: एफएफएमपेगचा removelogo, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी एक गोष्ट तपासा. कॅसेट मिनीडीव्ही असेल तर तारीख बहुधा चित्रात नसतेच. ती टेपवर वेगळी साठवलेली असते आणि कॅमेरा ती फक्त पडद्यावर दाखवतो. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने कॉपी केली असेल तरच ती चित्रात उतरते. तीच टेप फायरवायरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या डिजिटल वायरने, पुन्हा उतरवली की काम संपलं.

आमच्या घरच्या कॅसेटी व्हिडिओ८ च्या. तिथे आकडे चित्रातच छापलेले, त्यामुळे पुसण्याशिवाय इलाज नव्हता. सुरुवातीला एफएफएमपेगचाच delogo हा फिल्टर वापरला. तो तारखेभोवतीचा पूर्ण चौकोन शेजारच्या रंगांनी भरतो, त्यामुळे आकडे जातात आणि त्यांच्या जागी धुरकट पट्टा येतो. removelogo ला मात्र मास्क देता येतो: व्हिडिओच्याच मापाचं, म्हणजे पाल पद्धतीच्या व्हिडिओसाठी ७२०×५७६ चं काळं चित्र, त्यात फक्त अक्षरं पांढरी. दोन आकड्यांमधली खरी जागा तशीच राहते, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif,removelogo=mask.png" -c:v libx264 -crf 16 -c:a aac lagna.mp4
```

ओळी सांधून पूर्ण फ्रेम बनवणारा bwdif आधी हवा, कारण टेपवरच्या चित्रात एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात.

खरी मेहनत मास्कची. मिनिटं बदलतात, म्हणून एका फ्रेमवरून मास्क केला तर पुढच्या आकड्यांचे तुकडे उरतात. मी बदलणाऱ्या प्रत्येक जागी ८ काढला, म्हणजे बाकीचे आकडे बहुतेक त्यातच झाकले जातात. शिवाय केशरी रंग टेपवर आडवा पसरतो, कारण ॲनालॉग टेपवर रंगाचा तपशील उजेडापेक्षा फारच कमी असतो. मास्क अक्षराच्या अगदी कडेने कापला तर आकडा जातो, पण बाजूला नारिंगी डाग राहतो. म्हणून दोन्ही बाजूंना थोडं रुंद रंगवा, डाग दिसेल तिकडे आणखी.

काकांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तारीख खाली उजवीकडे आहे. मंडपाच्या पांढऱ्या कापडावर ती अशी गेली की शोधूनही सापडत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र त्याच कोपऱ्यात नऊवारीचे जरीकाठ हलतात, आणि तिथे काठ आकड्यांच्या आकारात विरघळून लकलकतो. हा फिल्टर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र भरतो. पुढच्या-मागच्या फ्रेममधून खरा काठ आणणं त्याला जमत नाही, त्यामुळे मास्क कितीही नेटका केला तरी ही लकलक जात नाही. अशा तुकड्यांत फिल्टर `enable` ने बंद ठेवून तारीख राहू दिली. दिसणारी तारीख लकलकीपेक्षा कमी खटकते.

मूळ फाइल पुसू नका. फोटोंच्या मागे काही लिहिलेलं नसेल तर मुंजीचं वर्ष शेवटी त्या केशरी आकड्यांवरूनच ठरतं, अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलं असेल तर.