मस्कतमध्ये बसून मी कोल्हापुरात सही केली म्हणे!

बायकोने व्हॉट्सअॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर माझं नाव, वय, पत्ता, आणि ‘माझ्या मुलीला पासपोर्ट देण्यास माझी कोणतीही हरकत नाही’ असा मजकूर. खाली नोटरीचा शिक्का आणि माझी सही. सही इंग्रजीत, चांगली वळणदार. मी सही मराठीत करतो. बँकेत तीच आणि माझ्या पासपोर्टवरही तीच. शिवाय कागदावरच्या तारखेला मी मस्कतला ड्यूटीवर होतो.

मुलगी पाच वर्षांची. तिला आणि बायकोला इकडे आणायचं, म्हणून आधी तिचा पासपोर्ट काढायला घेतला. ‘पासपोर्ट, पॅन, सर्व दाखले’ अशी पाटी लावून बसलेला एक एजंट ओळखीतून मिळाला. “वहिनी, साहेब परदेशात आहेत ना, मग त्यांचं अॅफिडेव्हिट लागणार. टेन्शन घेऊ नका, सगळं आपण इथंच करतो,” असं म्हणून त्याने सात हजार घेतले. त्यातले अडीच हजार ‘सरकारी फी’ आणि बाकीचे अॅफिडेव्हिट, नोटरी आणि त्याची मेहनत.

आता खरा हिशेब सांगतो. लहान मुलाच्या साध्या पासपोर्टची फी हजार रुपये आहे. मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर नव्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते. म्हणजे आमच्या मुलीची फी फक्त नऊशे. अपॉइंटमेंट घेताना ती ऑनलाइनच भरावी लागते आणि पावतीवर रक्कम छापून येते. ही पावती एजंटने बायकोला कधी दाखवलीच नाही, कारण लॉगिन त्याच्या ईमेलने केलेलं आणि अर्जात मोबाइल नंबरही त्याचाच टाकलेला.

पैसे जास्त घेतले एवढंच असतं तर हा पसारा लिहायला बसलो नसतो. आमच्यासारख्या गल्फवाल्या घरांमध्ये नेमका जो गैरसमज असतो, त्याचा तो फायदा घेतो. अॅफिडेव्हिट लागतं हे खरं आहे. पण ते परदेशात असलेल्या आईने किंवा बापाने स्वतः, तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवायचं असतं. भारतातल्या नोटरीसमोर ते होऊच शकत नाही, कारण नोटरीचा शिक्का म्हणजे ‘हा माणूस माझ्यासमोर हजर होता आणि त्याने माझ्यासमोर सही केली’ याची हमी. मी हजर नसताना माझी हजेरी लावली असेल तर तो कागद खोटाच.

दुसरा कागद म्हणजे अॅनेक्शर डी. मुलाच्या अर्जासोबत आईवडिलांनी द्यायचं हे घोषणापत्र. एकजण परदेशात असेल तर भारतात असलेल्याने ते भरायचं आणि सोबत वकिलातीचं अॅफिडेव्हिट जोडायचं. डिसेंबर 2016 च्या बदलांपासून ही घोषणापत्रं साध्या कागदावर चालतात. त्यांना ना स्टॅम्प पेपर लागतो, ना नोटरी. आमच्याकडून मात्र या कागदाच्या नोटरीचेही पैसे घेतले होते.

बायको मुलीला घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टची झेरॉक्स आणि तो स्टॅम्प पेपर शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, हे कुठे आहेत सध्या?” ती म्हणाली, मस्कतला. त्याने कागद स्कॅन न करता परत दिला आणि एम्बसीचं अॅफिडेव्हिट आणायला सांगितलं. फाइल होल्डवर गेली. त्या माणसाचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत, कारण तो कागद फाइलला लागला असता तर उत्तर एजंटला नाही, आम्हाला द्यावं लागलं असतं. पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरा झटका पुढे होता. एजंट म्हणाला, “एम्बसीच्या भानगडीत कुठे पडता? अॅनेक्शर सी भरू. आणखी चार हजार द्या, साहेबांची सहीच लागणार नाही.”

सी हा फॉर्म खरा आहे, आणि कामाचाही आहे. आईवडिलांपैकी एकाची संमती मिळूच शकत नाही, नवरा सोडून गेलाय, वेगळे राहतात, संपर्क नाही, अशा वेळी मूल ज्याच्याकडे आहे त्याने तो भरायचा. संमती का घेता आली नाही याचं कारण त्यात स्वतः लिहून द्यावं लागतं. ताब्यावरून कोर्टात काही चालू असेल तर तेही लपवायचं नसतं. ज्या बाईचं खरोखर तसं आहे तिने हा फॉर्म बिनधास्त भरावा, कुणाच्या सहीसाठी अडून राहू नये. पण एजंटने आमच्या फॉर्ममध्ये कारण काय लिहिलं होतं? ‘पती विभक्त, ठावठिकाणा माहीत नाही.’ आणि फाइलला माझ्या पासपोर्टची झेरॉक्स! पुढे फॅमिली व्हिसासाठी हाच ठावठिकाणा नसलेला नवरा अर्ज करणार होता. बायकोने सही करण्याआधी मला फोन लावला आणि आम्ही तिथेच थांबलो.

मग मीच एक दिवस सुट्टी टाकली. वकिलातीने साक्षांकनाचे अर्ज घ्यायला जे केंद्र नेमलंय तिथे गेलो. सोबत माझा मूळ पासपोर्ट, बायकोच्या पासपोर्टची आणि मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत. सही घरून करून न्यायची नाही, तिथेच समोर करायची. वकिलातीचा शिक्का बसला की मूळ कागद कुरियरने घरी. कोऱ्या कागदावर सही करून पाठवणं किंवा स्कॅन धाडणं असले शॉर्टकट एजंट सुचवतात. त्यांच्या नादी लागू नका. जे जहाजावर असतात त्यांना मधेच वकिलात गाठणं अवघडच. त्यांनी सुट्टीवर घरी असतानाच अपॉइंटमेंट घ्यावी. दोघांच्या सह्यांचं अॅनेक्शर डी दिलं की हा सगळा खटाटोप वाचतो.

दरम्यान मेहुणा त्या नोटरीचा पत्ता काढून आला. नोटरीला प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी लागते आणि तो नंबर कागदावर येतो. आमच्या कागदावर नंबराची जागा रिकामी होती. नोटरी म्हणतो शिक्का माझा नाही, एजंट म्हणतो त्यांनीच मारला. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत आणि येतील असंही वाटत नाही. फोनपेवर दिलेल्या रकमेचा पुरावा आहे, रोख दिलेल्याचा नाही.

फाइल मात्र वाचली. नवा अर्ज करावा लागला नाही. त्याच फाइलवर वकिलातीचं अॅफिडेव्हिट आणि नीट भरलेलं डी देऊन काम झालं. एजंट लॉगिनचा पासवर्ड द्यायला दीड हजार मागत होता. ते देण्याची गरजच नव्हती, कारण केंद्रातून मिळालेल्या पावतीवरचा फाइल नंबर आणि मुलीची जन्मतारीख टाकली की passportindia.gov.in वर लॉगिन न करताही अर्ज कुठवर आला ते दिसतं.