आठ महिने मॅजिक इरेजर वापरल्यावर: फरशी, कुंपण आणि जोतिबाची गर्दी

दिवाळीत घेतलेल्या फोनमध्ये फोटोतली नको ती माणसं, वस्तू पुसायचं मॅजिक इरेजर आहे. आठ महिने ते जवळजवळ रोज वापरतोय. आकाशात आडव्या आलेल्या तारा, भिंतीवरचा डाग, हिरवळीवर पडलेला कागद हे सगळं ते इतक्या सफाईने काढतं की नंतर जागा शोधून सापडत नाही. पण मागे एकसारखी नक्षी असली की ते चुकतं, आणि ही चूक फोनवर पटकन दिसत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

मला ती कळली आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. आजी खुर्चीत बसलेली, चेहऱ्यावर हसू, फोटो सुरेख आला होता. फक्त मागून आचाऱ्याचा पोरगा बादली घेऊन चालला होता. त्याच्याभोवती बोट फिरवलं आणि तो गायब. १२ बाय १८ ची प्रिंट काढून भिंतीवर लावली, तेव्हा आत्या समोर उभी राहून म्हणाली, "अरे, हितं दोन काळ्या फरश्या शेजारी-शेजारी कशा?" लग्नाआधी तिनंच त्या सोप्यात रोज केर काढलेला. तिला दिसणारच.

मग मूळ फोटो आणि पुसलेला फोटो शेजारी ठेवून सांधे मोजत बसलो. पोराच्या डावीकडून चार आडवे सांधे आत शिरत होते, उजवीकडे तीनच बाहेर पडत होते. चौथा मधेच विरला होता, आणि तिथून पुढे काळ्या-पांढऱ्याचा क्रम एका घराने सरकला होता. शिवाय पॉलिश केलेल्या फरशीवर बादलीचं प्रतिबिंब तसंच राहिलेलं, बादली मात्र नाही.

असं का होतं? माणसाच्या मागे काय होतं ते फोनला ठाऊक नसतं. आजूबाजूचा भाग बघून तो अंदाजाने जागा भरतो. हिरवळीत अंदाज थोडा चुकला तरी गवत ते गवतच. फरशीत मात्र डावीकडून आलेली रेघ उजवीकडच्या नेमक्या त्याच रेघेला मिळावी लागते. त्यात मागे जाईल तशी फरशी लहान दिसत जाते, म्हणून पुढचा तुकडा उचलून मागे बसवला तर मापात बसत नाही. पुसायची जागा एक-दोन फरश्यांएवढी असेल तर माझ्या फोनवर काम जमतं. तीनच्या पुढे गेलं की बहुतेक वेळा सांधा तुटतो.

कुंपणाचंही तेच. रंकाळ्याजवळच्या एका बागेच्या लोखंडी कुंपणासमोरून एक माणूस पुसला. मागे पाच गज असायला हवे होते, आले चार. त्यातला एक वरच्या पट्टीपासून निघून खाली पोचण्याआधीच संपलेला. लांबून बघितलं तर काही वाटत नाही, गज मोजले की लगेच सापडतं.

आता माझी तपासायची पद्धत ठरलेली आहे. फोटो मोठा करायचा, पुसलेल्या जागेच्या एका बाजूच्या सांध्यावर कागदाची सरळ कड धरायची आणि ती पलीकडच्या सांध्याला मिळते का बघायचं. मग दोन्हीकडचे सांधे मोजायचे. पुसताना माणसाबरोबर त्याची सावली आणि प्रतिबिंबही निवडायचं; सावली राहिली तर फोन कधीकधी त्या जागी तसलंच काहीतरी गडद उभं करतो.

आजीचा फोटो शेवटी राजारामपुरीतल्या स्टुडिओवाल्या मित्राने दुरुस्त केला. फोटोशॉपमध्ये व्हॅनिशिंग पॉइंट नावाची सोय आहे. त्यात आधी फरशीच्या चार सांध्यांवर चार कोपरे ठेवून जाळी आखायची. मग पुढची चांगली फरशी मागे उमटवली की ती अंतराप्रमाणे आपोआप लहान होते. त्याला पाऊण तास लागला. "दुसऱ्या वेळी तिथंच उभा राहून दोन फोटो काढ की भावा," तो म्हणाला. बरोबरच आहे. पोरगा पुढे सरकल्यावर त्याच जागेवरून आणखी एक फोटो घेतला असता तर खरी फरशी हातात असती. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून वरच्यातला पोरगा खोडला की काम झालं असतं. मी आता लग्नाकार्यात हेच करतो.

गर्दीत मात्र हे सगळे उपाय थकतात. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांचा फोटो काढला, पुढे एकाचा हात आडवा आला होता. तो पुसल्यावर त्या जागी गुलालाने माखलेले दोन चेहरे उमटले. एकाला डोळाच नव्हता, दुसऱ्याचा कान शेजारच्याच्या फेट्यात मिसळलेला. इथे जुळवायला सांधा नाही, मोजायला गज नाहीत, आणि ती दोन माणसं त्या दिवशी डोंगरावर नव्हतीच. तो फोटो मी हातासकट ठेवलाय.