एफबीडी तपासायची कशी: कडेने फिरून की बेरीज जुळवून?

हायर सेकंडरीत फिजिक्स घेतलेल्या मुलाला एफबीडी, म्हणजे एका वस्तूवरच्या सगळ्या बलांची आकृती, काढता येते. ती बरोबर आहे की नाही हे उत्तर बघण्याआधी ओळखणं मात्र जड जातं. त्यासाठी दोन पद्धती वापरात आहेत आणि बहुतेक जण त्यांतली एकच उचलतात. कोणती उचलावी, असा प्रश्न पडला असेल तर हे वाचा. वजन खाली, अभिलंब बल पृष्ठभागाला काटकोनात, ताण दोराच्या दिशेने, एवढं माहीत आहे असं धरून चालतो.

पहिली पद्धत बेरजेची. आकृतीतल्या सगळ्या बलांची दोन्ही अक्षांवर बेरीज करायची आणि ती वस्तूच्या त्वरणाशी जुळते का ते बघायचं. वस्तू स्थिर असेल किंवा एकसमान वेगाने सरळ जात असेल तर बेरीज शून्य. वेग वाढत असेल तर बेरीज पुढच्या दिशेने, वळण घेत असेल तर वळणाच्या आत. समीकरणं तशीही लिहायचीच असतात, त्यामुळे वेगळा वेळ जात नाही.

दुसरी पद्धत कडेची. निवडलेल्या वस्तूभोवती तुटक रेषेने बंद वेढा काढायचा. वजन आधीच लिहून टाकायचं, कारण पृथ्वी वेढ्याला शिवत नाही आणि फिरताना ती भेटणार नाही. मग वेढ्यावर एका बिंदूपासून निघून पेन्सिलीने पूर्ण फेरी मारायची. जिथे बाहेरचं काही शिवतं किंवा वेढा ओलांडून आत येतं, तिथे थांबून ‘कोणाचं, कोणावर’ हे लिहायचं: जमिनीचं पेटीवर, दोराचं हातावर. फेरी सुटलेल्या बिंदूवर परत आली की संपली. यात दोन-तीन मिनिटं जातात आणि कागदही लागतो. परीक्षेत मुलं ती टाळतात ती याचसाठी.

फरक कुठे पडतो ते एका उदाहरणात नीट दिसतं. चवथीच्या आधी घरं रंगवायला काढतात तेव्हाचं काम घ्या. छपराखालच्या वाशाला कप्पी बांधली आहे. दोराचं एक टोक रंगाऱ्याच्या पाटाला बांधलंय, दोर कप्पीवरून खाली आलाय आणि दुसरं टोक पाटावर बसलेल्या रंगाऱ्याच्याच हातात आहे. तो स्वतःला एकसमान वेगाने वर ओढतोय. रंगारी 60 किलो, पाट आणि रंगाचे डबे मिळून 20 किलो. g = 10 धरा, कप्पीचं घर्षण आणि दोराचं वजन सोडा. दोरातला ताण किती?

नेहमीची आकृती अशी येते: रंगारी आणि पाट मिळून एक चौकोन, खाली 800 न्यूटन वजन, वर एक ताण. बेरजेची पद्धत लावा. T = 800. वेग एकसमान, बेरीज शून्य, पास.

कोणी म्हणेल, दोन्ही वस्तू वेगळ्या करून तपासा म्हणजे चूक सापडेल. करून बघू. एकट्या रंगाऱ्यावर वजन 600 खाली आणि पाटाचं अभिलंब बल वर, म्हणून N = 600. एकट्या पाटावर स्वतःचं वजन 200 खाली, रंगाऱ्याचा दाब 600 खाली आणि दोराचा ताण 800 वर. पुन्हा जुळलं. तीन आकृत्या, तिन्ही एकमेकींशी सुसंगत आणि तरी उत्तर चूक.

आता वेढा काढून फिरा. रंगारी आणि पाट दोघांना धरून वेढा घातला तर दोर तो दोन ठिकाणी ओलांडतो, एकदा पाटाच्या बांधणीपाशी आणि एकदा रंगाऱ्याच्या मुठीच्या वर. दोन ठिकाणी थांबलो म्हणजे दोन बाण आले. दोर फक्त ओढू शकतो, आणि तोही वस्तूपासून दूर, स्वतःच्या रेषेत. म्हणून दोन्ही बाण वर. 2T = 800, T = 400 न्यूटन. आता एकटा रंगारी बघा: वजन 600 खाली, हातावर दोर 400 वर, म्हणून पाटाचं अभिलंब बल फक्त 200. एकटा पाट: वर 400, खाली 200 अधिक 200. हेही जुळलं, आणि या वेळी बरोबर जुळलं.

माझा कौल फिरवणारी अडचण हीच. बेरजेच्या पद्धतीत एखादं बल सुटलं आणि आकृतीत दुसरं एखादं बल अज्ञात असेल, तर ते अज्ञात बल फुगून सुटलेल्याची जागा भरून काढतं. रंगाऱ्याच्या उदाहरणात 400 चा एक बाण सुटला आणि ताण निमूटपणे 400 चा 800 झाला. समीकरणाला त्याचं काहीच वाटत नाही. ताण आणि अभिलंब ही दोन बलं जवळजवळ प्रत्येक गणितात अज्ञात असतात, म्हणजे सुटलेलं बल लपायला जागा कायम तयार असते. ज्या चुकीसाठी तपासणी करायची, नेमकी तीच ही पद्धत झाकून टाकते. तपासलेल्या वह्यांवरून माझं मत असं झालंय की सुटलेल्या बलांच्या चुका बहुतांश याच जातीच्या असतात. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

इथे 800 हा आकडा अगदी निरर्थक नाही, तो दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. रंगाऱ्याने दोराचं टोक हातातून सोडून जमिनीतल्या खुंटीला बांधलं, तर वेढा दोर एकदाच ओलांडतो आणि ताण खरोखर 800 होतो. कप्पीवरचा भार 800 वरून 1600 न्यूटनवर जातो. तोच माणूस, तोच पाट, पण वाशावर दुप्पट ओझं. वेढा कुठे कापला जातो याला एवढी किंमत आहे.

दिशेच्या चुकांमध्ये मात्र बेरजेची पद्धत तेज आहे, हे मान्य करावं लागेल. वरच्याच उदाहरणात काही जण हातावरचा बाण काढतात, पण खाली. ‘तो दोर खाली ओढतो ना’ हा त्यामागचा विचार. तो खाली ओढतो ते दोराला. हातावर येणारं बल त्याची प्रतिक्रिया, म्हणून वर. बेरीज केली की T वर, T खाली आणि शिवाय 800 खाली. T किती का असेना, बेरीज शून्य होणारच नाही. इथे आकृती चुकल्याचं लगेच कळतं. कडेच्या पद्धतीतही ‘दोराचं हातावर’ असं लिहिलं की दिशा आपोआप सुधारते, पण लिहायचा कंटाळा केला तर ती चूक तशीच राहते.

चूक आहे एवढंच बेरीज सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. तिथून दुसरा घोटाळा सुरू होतो. मालीमच्या जेटीवरून मासळी घेऊन निघालेल्या पिकअपचं उदाहरण घ्या. मागच्या सपाट फळीवर 20 किलोची पेटी नुसती ठेवलेली आहे, बांधलेली नाही. गाडीचा वेग 2 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वाढतोय आणि पेटी न घसरता गाडीबरोबर जाते आहे. ‘घर्षण गतीला विरोध करतं’ हे पाठ असल्यामुळे घर्षण मागे दाखवलं जातं. बेरीज मागे येते, त्वरण पुढे आहे, म्हणजे काहीतरी चुकलं. इथपर्यंत पद्धतीने काम चोख केलं. आता मूल दुरुस्ती करतं ती कशी? घर्षण तसंच ठेवतं आणि पुढच्या दिशेने ‘गाडीचं बल’ नावाचा नवा बाण घालतं. F − f = ma लिहिता येतं, F अज्ञात आहे, बेरीज जुळते. एका चुकीच्या दोन झाल्या आणि तपासणीने दोन्ही मंजूर केल्या.

कडेने फिरलं तर पेटीला हवा सोडून शिवतं ते एकच, खालची फळी. इंजिन पेटीला शिवत नाही, म्हणून ‘गाडीचं बल’ लिहायला जागाच उरत नाही. गाडीला जे काही द्यायचं ते फळीमार्फतच, अभिलंब आणि घर्षण या दोन रूपांत. आडवं बल घर्षण एकटंच, म्हणून ते पुढे, 40 न्यूटन. घर्षण विरोध करतं ते फळी आणि पेटी यांच्यातल्या घसरण्याला. घर्षण नसतं तर पेटी फळीवर मागे सरकली असती, म्हणून ते पुढे.

नकोसे बाण पकडायला याच फेरीचा मोजदादीसाठी उपयोग होतो. कोरड्या घन पृष्ठभागाशी प्रत्येक स्पर्शाला जास्तीत जास्त दोन बाण, दोराला एक आणि शिवाय वजनाचा एक. यापेक्षा जास्त बाण दिसले तर एखादा तरी खोटा आहे. उतारावरच्या गणितात तो बहुधा mg sinθ असतो: mg चा बाण ठेवून त्याचा घटकही ठळक बाणाने काढलेला. घटक तुटक रेषेने काढा किंवा वेगळ्या आकृतीत काढा, म्हणजे ते मोजदादीत येत नाहीत.

कडेची पद्धत जिथे खरोखर हात टेकते ती जागाही सांगायला हवी. फेरीबोटीच्या रॅम्पवर 50 किलोची पेटी आहे, उतार 10 अंश, आणि एक माणूस रॅम्पला समांतर दोर धरून ती जागच्या जागी रोखतोय. फेरी मारली की रॅम्प आणि दोर एवढेच भेटतात. पण घर्षण चढाकडे की उताराकडे, हे स्पर्श सांगत नाही. उताराच्या दिशेचा वजनाचा घटक सुमारे 87 न्यूटन. दोरात 60 असतील तर घर्षण 27, चढाकडे. दोरात 120 असतील तर 33, उताराकडे. 87 असतील तर घर्षण शून्य, आणि स्पर्श असूनही बाण नाही. इथे बेरजेशिवाय निर्णय होत नाही. अशा स्थिर घर्षणाची दिशा कुठलीही एक धरून गणित करायचं. उत्तर ऋण आलं तर बाण उलटा करायचा, आणि येणारं घर्षण μN च्या मर्यादेत बसतं का तेही बघायचं. नाहीतर पेटी घसरते आणि ‘स्थिर’ हे गृहीतकच मोडतं.

म्हणून निवड करायचीच झाली तर मी कडेच्या बाजूने आहे. बेरीज टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. मात्र क्रम महत्त्वाचा. आधी फेरी मारून बाणांची संख्या आणि प्रत्येकाचा धनी पक्का करा, मग बेरजेने दिशा तपासा. बेरीज जुळली नाही तर नवा बाण घालायला परवानगी नाही, आहेत त्यांपैकी एखादा फिरवायला आहे. नवा बाण हवाच वाटला तर पेन्सिल पुन्हा वेढ्यावर ठेवा आणि तो कुठल्या स्पर्शातून येतो ते दाखवा.