‘एक्सबॉक्स एक्स’ म्हणून विकलेला कन्सोल

माझ्या भाच्याला स्टारफील्ड हा गेम खेळायचा होता, म्हणून तो एक्सबॉक्स सीरिज एक्स हा गेम कन्सोल सेकंडहँड शोधत होता. विकणाऱ्याने सांगितलं, “एक्सबॉक्स एक्स आहे, एक टीबी, फोर-के, फारसा वापरलेला नाही.” सीरिज एक्सच ना, असं भाच्याने स्पष्ट विचारलं, तेव्हा तो “हो, तोच” म्हणाला. सोबत मधोमध शेअर बटण असलेला नवा कंट्रोलरही दिला. पैसे दिल्यावर घरी कळलं, हा मागच्या पिढीचा एक्सबॉक्स वन एक्स आहे.

दोन्ही फोर-के दाखवतात आणि दोन्हींत एक टीबी जागा मिळते, म्हणून हा डाव साधतो. पण वन एक्स 2017 मध्ये आला आणि 2020 मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. आज विकायला येणारा कोणताही वन एक्स त्याहून नवा असूच शकत नाही, मग तो कितीही चकचकीत दिसो. त्याचा प्रोसेसर मागच्या पिढीचा आहे आणि आत फिरती हार्ड डिस्क आहे. सीरिज एक्समध्ये तिच्याहून बरीच वेगवान एसएसडी असते. स्टारफील्ड वन एक्सवर इन्स्टॉलच होत नाही. क्लाउडवरून खेळता येतो, पण त्याला सबस्क्रिप्शन आणि दमदार इंटरनेट लागतं.

कंट्रोलरवरून पिढी ठरवू नका. नवा कंट्रोलर वन एक्सलाही बिनदिक्कत जोडता येतो. कन्सोलची मागची बाजू बघा. वन एक्सला एचडीएमआयची दोन पोर्टं असतात, एक आत येणारं आणि एक बाहेर जाणारं. सीरिज एक्सला एकच असतं, शिवाय जादा स्टोरेज कार्डासाठी खाच असते. वन एक्स आडवा, चपटा डबा आहे, तर सीरिज एक्स उभा चौकोनी खांब. लेबलवरचा मॉडेल क्रमांक वन एक्सचा 1787, सीरिज एक्सचा 1882. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे, त्याच कन्सोलवर स्टोअर उघडून आपल्याला हवा तो गेम शोधा. इन्स्टॉलचा पर्याय येतो की फक्त क्लाउडचा, ते तिथेच दिसतं.

“फारसा वापरलेला नाही” हेही खोटंच निघालं. विकणाऱ्याने फक्त होम स्क्रीन दाखवली होती आणि तिथे कुठलाही कन्सोल शांतच असतो. घरी जड गेम लावल्यावर पंखा घोंघावू लागला आणि थोड्या वेळाने कन्सोल आपोआप बंद पडला. उघडून पाहिलं तर चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकमध्ये धुळीचा थर आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळून कडक झालेली. साफसफाई करून नवी पेस्ट लावल्यावर बंद पडणं थांबलं, पण हार्ड डिस्क रखडते ती रखडतेच.

म्हणून घेण्याआधी समोर बसून डिस्कवरून एखादा मोठा गेम इन्स्टॉल करायला लावा आणि तो अर्धा तास चालवा. इन्स्टॉल होताना डिस्क ड्राइव्ह कुरकुरतो का, हे कळतं; खेळताना पंखा आणि उष्णता कळते. मागून येणारी हवा गरम असणं ठीक, पण पंखा एकदा चढला की उतरतच नसेल तर आत धूळ किंवा वाळलेली पेस्ट आहे असं समजा. विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल, तर तो कन्सोल घेऊ नका.