चौकशी फॉर्मवरील कॅप्चा आणि स्पॅम फिल्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची बिडाचे कास्टिंग करणारी मध्यम आकाराची फाउंड्री आहे आणि तिच्या वेबसाइटवर चौकशीसाठी एक साधा फॉर्म आहे. नाव, ईमेल, फोन, मजकूर आणि ड्रॉइंग जोडण्याची सोय, एवढेच त्यात आहे. या फॉर्मवरून रोज कचरा येत असे : रशियन लिपीतील दुव्यांच्या रांगा, विनातारण कर्ज, औषधांच्या जाहिराती आणि तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो अशी आश्वासने. या ढिगातून खऱ्या चौकश्या वेगळ्या करण्याचा कंटाळा येऊन विक्री विभागातील मंडळी त्या पेटीकडे फिरकेनाशी झाली, तेव्हा गेल्या दिवाळीत आम्ही कॅप्चा आणि स्पॅम फिल्टर दोन्ही बसवले. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि फॉर्म कॉन्टॅक्ट फॉर्म ७ या प्लगिनचा आहे. त्याला कॅप्चा म्हणून क्लाउडफ्लेअरचे टर्नस्टाईल, स्पॅम फिल्टर म्हणून अकिस्मेट आणि संदेश साठवणारे फ्लेमिंगो अशी जोड दिली. पुढील अनुभव या रचनेचा आहे.

कॅप्चा निवडताना गुगलच्या रिकॅप्चाची तिसरी आवृत्ती आणि टर्नस्टाईल हे दोन पर्याय आमच्यासमोर होते. रिकॅप्चाची ती आवृत्ती पाहुण्याला काहीच विचारत नाही; त्याच्या वागण्यावरून ० ते १ च्या दरम्यान गुण देते आणि ठरलेल्या रेषेखाली, म्हणजे सहसा ०.५ च्या खाली गुण पडले की फॉर्म त्याला बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम समजतो. एखाद्या खऱ्या माणसाला कमी गुण मिळाले, तर आपण माणूस आहोत हे दाखवण्याची संधीच त्याला मिळत नाही, हे मला पटले नाही. टर्नस्टाईल बहुतेकांना आपोआप पुढे सोडते आणि शंका आली तरच खूण करण्याची चौकट समोर ठेवते. वाहतुकीचे दिवे किंवा झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन ओळखत बसावे लागत नाही. ते मोफतही आहे आणि आपली वेबसाइट क्लाउडफ्लेअरवर नसली तरी चालते.

बसवणे सोपे आहे. क्लाउडफ्लेअरच्या खात्यातून साइट की आणि सिक्रेट की अशा दोन किल्ल्या घ्यायच्या आणि प्लगिनच्या ६.१ किंवा त्यापुढील आवृत्तीत इंटिग्रेशनच्या पानावर भरायच्या. यातील खरे काम मात्र दुसरी किल्ली करते. पाहुणा तपासणीतून पार पडल्याची खूण म्हणून त्याच्या ब्राउझरमध्ये तयार झालेले टोकन फॉर्मसोबत आपल्या सर्व्हरकडे येते आणि सर्व्हर सिक्रेट की वापरून ते क्लाउडफ्लेअरकडून तपासून घेतो. ही दुसरी पायरी नसेल, तर पानावर दिसणारी चौकट निव्वळ शोभेची ठरते, कारण बहुतेक बॉट पान उघडतच नाहीत; ते फॉर्मच्या पत्त्यावर थेट मजकूर पाठवतात आणि चौकट त्यांच्या वाटेत येतच नाही. स्वतः लिहिलेल्या पीएचपी फॉर्मवर कोणी कॅप्चा बसवून दिला असेल, तर ही तपासणी होते की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग आहे. क्लाउडफ्लेअरने चाचणीसाठी नेहमी नापास होणारी एक सिक्रेट की जाहीर केली आहे :

```
2x0000000000000000000000000000000AA
```

आपल्या खऱ्या किल्लीच्या जागी थोडा वेळ ही घालून फॉर्म पाठवून पाहावा. तरीही संदेश पोहोचला, तर तपासणी होतच नाही असे समजावे.

टर्नस्टाईल सुरू झाल्यावर रशियन लिपीतील आणि दुव्यांनी भरलेले संदेश विक्रीच्या पेटीतून जवळजवळ नाहीसे झाले. गुगलच्या पहिल्या पानाचे वायदे मात्र येतच राहिले, आणि त्यात टर्नस्टाईलचा दोष नाही. असे बरेच संदेश माणसे स्वतः बसून पाठवतात, शिवाय कॅप्चा सोडवून देण्यासाठी पैसे देऊन माणसे बसवण्याचा धंदाही जुना आहे. समोर माणूस आहे की यंत्र, एवढेच कॅप्चा पाहतो. त्या माणसाला कास्टिंग हवे आहे की तो आपल्यालाच काही विकायला आला आहे, हे त्याला कळण्याचे कारण नाही.

त्यासाठी अकिस्मेट आहे. संदेशाचा मजकूर, पाठवणाऱ्याचे नाव, ईमेल आणि आयपी पत्ता तपासून ते निर्णय देते. येथे एक बारकावा सहज नजरेतून सुटतो : केवळ प्लगिन चालू करून भागत नाही, तर फॉर्ममधील कोणता रकाना नावाचा आणि कोणता ईमेलचा, हे टॅगमध्ये लिहून द्यावे लागते. ते लिहिले नाही, तर कॉन्टॅक्ट फॉर्म ७ अकिस्मेटला काही विचारतच नाही आणि सारे सुरळीत असल्यासारखे दिसत राहते.

```
[text* your-name akismet:author]
[email* your-email akismet:author_email]
```

नावाच्या रकान्यात `viagra-test-123` लिहून पाठवल्यास संदेश स्पॅम ठरलाच पाहिजे. तसे झाले तर जोडणी नीट आहे. अकिस्मेटची मोफत योजना वैयक्तिक, बिगरव्यापारी वेबसाइटसाठी आहे, त्यामुळे आमच्यासारख्या कारखान्याला वर्गणी भरावी लागते. शिवाय ग्राहकाचा मजकूर तपासणीसाठी बाहेरच्या सर्व्हरवर जातो, म्हणून फॉर्मखाली तशी स्पष्ट ओळ लिहिणे मला योग्य वाटले. वायद्यांचे संदेश अकिस्मेटने पूर्ण थांबवले नाहीत, पण तुरळक येणारे दोनचार संदेश हाताने पुसणे जड जात नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते तिसऱ्या चाळणीने, आणि ती फुकटची होती. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये डिस्कशन या पानावर वर्ज्य शब्दांची एक यादी ठेवता येते आणि कॉन्टॅक्ट फॉर्म ७ तीच यादी आपल्या संदेशांनाही लावतो. आमची वेबसाइट सांभाळणाऱ्याने कुठून तरी मिळालेली लांबलचक तयार यादी तेथे चिकटवली होती. काही काळाने फ्लेमिंगोच्या स्पॅम कप्प्यात मला पुण्याच्या एका पंप कारखान्याची चौकशी सापडली. एफजी २६० प्रतीच्या बिडाचे पंप हाउसिंग हवे होते, नगाचे वजन आणि महिन्याची गरज लिहिलेली होती आणि शेवटी इंग्रजीत एवढेच होते की आमचे मशिनिंग स्पेशालिस्ट तुमची फाउंड्री पाहायला येतील. संदेश उघडल्यावर अडवण्याच्या कारणात वर्ज्य शब्द दिसला : `cialis`. हे एका औषधाचे नाव आहे आणि स्पॅमवाल्यांचे ते फार लाडके आहे. पण ही यादी पूर्ण शब्द जुळवत नाही. दिलेली अक्षरे कोठेही सलग आली की तिला पुरते, आणि `specialist` या शब्दाच्या पोटात ती अक्षरे जशीच्या तशी आहेत. त्याच यादीतील `sex` या तीन अक्षरांमुळे इंग्लंडमधील एसेक्स परगण्याचा पत्ता लिहिणारा ग्राहकही अडला असता. आम्ही ती यादी पूर्ण पुसली आणि कोणत्याही शब्दाच्या पोटात सापडणार नाहीत असे मोजकेच शब्दसमूह ठेवले. पुण्याच्या चौकशीला उशिरा का होईना उत्तर गेले.

ती चौकशी सापडली याचे श्रेय फ्लेमिंगोला द्यावे लागेल. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ स्वतः कोणताही संदेश साठवत नाही. स्पॅम ठरवलेल्या संदेशाचा मेल जात नाही आणि तो कायमचा नाहीसा होतो. फ्लेमिंगो असेल तर टर्नस्टाईलने, अकिस्मेटने किंवा यादीने अडवलेले सर्व संदेश स्पॅम कप्प्यात राहतात आणि प्रत्येकात अडवण्याचे कारणही नोंदलेले असते. दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. स्पॅम कप्प्यातील संदेश ३० दिवसांनी आपोआप कचरापेटीत जातात, आणि फॉर्मला जोडलेली फाइल साठवली जात नाही. त्यामुळे अडकलेल्या चौकशीचे ड्रॉइंग परत मागवावेच लागते. आमच्याकडे दर सोमवारी, म्हणजे एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ऑफिसमधील एक जण तो कप्पा पाहतो. सगळे वाचण्याऐवजी तो शोधाच्या चौकटीत `casting`, `drawing`, `FG` असे आमच्या धंद्यातले शब्द टाकतो, आणि तेवढे पुरते.

टर्नस्टाईलबद्दल एक तक्रार आहे. त्याचे टोकन पाच मिनिटे टिकते आणि एकदाच वापरता येते. मुदत संपली की ते सहसा स्वतःच नवे घेते, पण फोन मध्येच बाजूला ठेवून नंतर पाठवणाऱ्याच्या किंवा ढिल्या नेटवर्कवरील माणसाच्या बाबतीत ते नेहमी जमत नाही. इचलकरंजीच्या आमच्या एका जुन्या ग्राहकाने फोन करून सांगितले, ‘अहो साहेब, तुमचा फॉर्म मला माणूस मानायलाच तयार नाही, आता आधार कार्ड जोडू काय?’ यातील खरी अडचण अशी की स्पॅम ठरल्यावर दिसणारा मूळ इंग्रजी संदेश फक्त नंतर पुन्हा प्रयत्न करा असे म्हणतो आणि माणूस त्याच फॉर्मशी झगडत बसतो. प्लगिनच्या मेसेजेस या टॅबमध्ये तो मजकूर बदलता येतो. आम्ही तेथे ‘आपला संदेश पोहोचला नाही. कृपया कार्यालयात फोन करावा.’ असे लिहून खाली क्रमांक दिला, आणि तेव्हापासून अशा ग्राहकांचे फोन थेट येतात.

फिल्टरच्या कोणत्याही जाहिरातीत न सांगितलेला फायदा आमच्या मेलला झाला. चौकशी पाठवणाऱ्याला ‘आपली चौकशी मिळाली’ असे आपोआप उत्तर जाण्याची सोय आमच्या फॉर्मवर होती. बॉट ईमेलच्या रकान्यात भलत्याच लोकांचे पत्ते भरत, त्यामुळे ज्यांनी आमचे नावही ऐकले नाही अशा लोकांना आमच्या डोमेनवरून पत्रे जात होती, आणि त्यांतील पुष्कळ पत्रे पत्ता अस्तित्वात नाही म्हणून परत येत होती. अशाने डोमेनची पत घसरते आणि मग खऱ्या ग्राहकाला पाठवलेले दरपत्रकही त्याच्या स्पॅममध्ये पडते. कॅप्चा बसवल्यावर परत येणारी पत्रे लगेच कमी झाली. तरीही ते आपोआप उत्तर आम्ही बंदच ठेवले आहे. शिवाय फॉर्ममधून येणाऱ्या मेलचा प्रेषक आमच्याच डोमेनचा पत्ता ठेवून ग्राहकाचा पत्ता फक्त रिप्लाय-टूमध्ये घातला, कारण ग्राहकाच्या नावाने आमच्या सर्व्हरवरून निघालेला मेल, प्रेषकाचा पत्ता खरा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्कच्या तपासणीत अडकू शकतो.

बॉटला फसवण्यासाठी लपवलेला रिकामा रकाना, म्हणजे हनीपॉट, आम्ही लावून पाहिला आणि काढून टाकला. काही ब्राउझर पत्ता आपोआप भरताना लपलेला रकानाही भरून टाकतात आणि त्यामुळे खरा माणूस अडकतो. टर्नस्टाईल असताना त्याची उणीव भासलेली नाही.

सध्या टर्नस्टाईल, अकिस्मेट, फ्लेमिंगो आणि ती तोकडी शब्दयादी चालू आहे. दिवसाला एखाददुसराच संदेश येणाऱ्या दुकानाने अकिस्मेटची वर्गणी न भरता टर्नस्टाईल आणि फ्लेमिंगोवरच सुरुवात करावी, असे मी सुचवेन. कोणताही फिल्टर लावताना फ्लेमिंगो मात्र त्याच्या आधी बसवावे.